फोटोतला गूळ: रंग, कणी आणि लेबल कसं वाचायचं

गूळ आता बराचसा फोटो बघून घेतला जातो. दुकानदार व्हॉट्सॲपवर ढेपेचा फोटो टाकतो, ऑनलाइन दुकानात पाकिटाच्या पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो असतात, गावाकडून कुणी चार रव्यांचे, म्हणजे गुळाच्या ढेपांचे, फोटो पाठवून विचारतं, ‘यातला कुठला घेऊ?’ अशा वेळी प्रश्न एकच असतो: हा गूळ साधा आहे, की रसायन टाकून उजळवलेला? फोटो याचं पूर्ण उत्तर देत नाही. पण नीट वाचला तर कुठल्या गुळावर पैसे घालायचे नाहीत हे बऱ्याचदा कळतं, आणि कुठल्या गुळाबद्दल आणखी काय विचारायचं हेही.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. फोटोवरून ‘हा गूळ संशयास्पद आहे’ असं म्हणता येतं, ‘हा गूळ रसायनमुक्त आहे’ असं म्हणता येत नाही. पुढचं सगळं याच मर्यादेत वाचा.

गूळ पांढुरका का करतात

उसाचा रस काहिलीत उकळतो तेव्हा त्यातली माती, चिपाडाचे कण, मेण, प्रथिनं वर येतात. ती मळी गुळव्या झाऱ्याने काढत राहतो. मळी एकत्र यावी म्हणून पूर्वापार रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. रस मुळात थोडा आंबट असतो, त्याचा सामू सव्वापाचच्या आसपास असतो. तो थोडा वर आणायला चुन्याची निवळी टाकतात. इथपर्यंत काही लपवण्यासारखं नाही. चुना जास्त झाला तर मात्र गूळ उजळत नाही, उलट काळपट होतो.

उजळवणारं खरं रसायन वेगळंच आहे. गुऱ्हाळात त्याला ‘हायड्रोस’ म्हणतात. म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड रंगवण्याच्या उद्योगात रंग उतरवायला वापरतात तीच पांढरी पावडर. रसातल्या तपकिरी रंगद्रव्यांचा प्राणवायू ती ओढून घेते आणि रंग फिका पडतो. गूळ लगेच पिवळा, कधी लिंबाच्या सालीसारखा दिसतो. मागे राहतो तो गंधकाचा अंश, म्हणजे सल्फर डायऑक्साइड. देशाच्या अन्न नियमांत गुळासाठी त्याची मर्यादा ७० पीपीएम आहे, म्हणजे किलोला ७० मिलिग्रॅम. दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइट सोसत नाही, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

हे का करतात? कारण बाजारात पिवळ्या गुळाला भाव जास्त मिळतो. गुजरातकडे जाणारा कोल्हापुरी गूळ फिका लागतो, ही मागणी जुनी आहे. ग्राहक काळ्या गुळाकडे पाठ फिरवतो म्हणून गुऱ्हाळवाला पावडर टाकतो. आता शहरात उलटा प्रकार सुरू झाला आहे. काळा गूळ म्हणजे सेंद्रिय, अशी समजूत झाल्यामुळे करपलेला गूळही ‘ऑरगॅनिक’ म्हणून दुप्पट दराने जातो.

आधी फोटो तपासा, मग गूळ

रंग बघण्याआधी फोटोतला प्रकाश बघा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. पिवळ्या बल्बखाली फिका गूळ सोनेरी दिसतो. पांढऱ्या ट्यूबखाली तपकिरी गूळ राखाडी दिसतो. मोबाइलचा ‘फूड’ मोड रंग गडद करतो. दुकानाच्या फोटोंवर तर बहुतेक वेळा हात फिरवलेलाच असतो.

फोटोत पांढरी असायलाच हवी अशी एखादी वस्तू शोधा: लेबलवरची पांढरी पट्टी, ताट, पांढरा कागद. ती पिवळट दिसत असेल तर गुळाचा पिवळेपणाही थोडा प्रकाशाचा आहे. ती निळसर दिसत असेल तर गूळ प्रत्यक्षात दिसतो त्यापेक्षा जास्त पिवळा-तांबूस असेल. पांढरं काहीच नसेल तर त्या फोटोवरून रंगाबद्दल बोलू नका. सरळ दुसरा फोटो मागा.

फोटो स्वतः काढत असाल किंवा कुणाला काढायला सांगत असाल तर असा काढा. दिवसा, खिडकीजवळ, पण गुळावर थेट ऊन पडणार नाही अशा जागी साधा पांढरा ए-फोर कागद पसरा. घरातले दिवे आणि फ्लॅश बंद ठेवा. त्यावर गुळाचा एक अख्खा तुकडा आणि त्याच ढेपेचा नुकताच फोडलेला एक तुकडा, फुटलेली बाजू वर करून ठेवा. कॅमेरा साध्या मोडवर ठेवा, स्क्रीनवर कागदाला बोट लावून उजेड ठरवा आणि मग फोटो घ्या. दुसरा फोटो फुटलेल्या बाजूचा जवळून, तिसरा लेबलच्या मागच्या बाजूचा, सगळी बारीक अक्षरं वाचता येतील असा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबला जातो आणि घटकांची यादी अळीसारखी दिसते.

रंगातून काय कळतं

साध्या गुळाचा रंग सोनेरी पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत कुठेही असू शकतो. एकाच गुऱ्हाळातल्या सकाळच्या आणि दुपारच्या काहिलीचा रंगही वेगळा निघतो. उसाची जात, जमीन, पाणी, खत, तोडणीनंतर ऊस किती वेळ पडून राहिला, मळी किती नीट काढली, जाळ किती धरला, या सगळ्यांचा रंगावर परिणाम होतो. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ गडद आणि थोडा खारट होतो. नत्र जास्त दिलेल्या उसाचा गूळही काळपट होतो. कोल्हापूर भागात गुळासाठी को ९२००५ सारखी जात लावतात. चांगल्या जमिनीतला असा ऊस, स्वच्छ मळी आणि हुशार गुळव्या असेल तर पावडर न टाकताही देखणा सोनेरी गूळ होतो. त्यामुळे ‘फिका म्हणजे केमिकल’ हा नियम चुकीचा आहे.

संशय घ्यावा असा रंग कुठला? लिंबासारखा, मलईसारखा किंवा फिक्या लोण्यासारखा पिवळा, ज्यात तांबूस-तपकिरी छटा जवळजवळ नाही. त्यातही तो अगदी एकसारखा असेल, आतबाहेर एकच आणि एका खोक्यातल्या दहा रव्यांचा तंतोतंत एकच, तर संशय आणखी वाढतो. साध्या गुळात थोडा तरी विस्कळीतपणा असतो: कडेला गडद, मध्ये फिका, कुठे एखादा करड्या रंगाचा पट्टा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गडद रंग हा निर्दोषपणाचा दाखला नाही. हायड्रोसचा परिणाम टिकाऊ नसतो. गूळ हवेत राहिला की रंग पुन्हा परततो आणि उजळवलेला गूळ काही आठवड्यांत, दमट हवेत त्याहून लवकर, काळवंडतो. म्हणजे आज काळा दिसणारा गूळ महिन्यापूर्वी पिवळाधमक असू शकतो. हाच गुण तपासणीसाठीही वापरता येतो. एक तुकडा कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत, त्याच कागदावर पुन्हा फोटो काढा. साधा गूळही थोडा गडद होतो, पण हळूहळू. लिंबू-पिवळ्याचा थेट मळकट तपकिरी झाला असेल तर संशय बळावतो. ही तपासणी पावसाळ्यात करू नका. तेव्हा सगळाच गूळ पाणी ओढतो आणि काही कळत नाही.

गूळ पावडर आणि माडाचा गूळ या मापात बसवू नका. बारीक कणांवरून प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून त्याच ढेपेची पावडर केली तर ती दोन छटा फिकी दिसते. गोव्या-कोकणातला माडाचा गूळ तर उसाचाच नाही. तो मुळातच काळपट असतो आणि त्याचं काळेपण काहीच सिद्ध करत नाही.

फुटलेली बाजू

अख्ख्या ढेपेचा बाहेरचा भाग फसवा असतो. साच्याला लागून तो गुळगुळीत होतो, कधी कापडाचे वळ उमटतात. खरी माहिती फुटलेल्या बाजूत असते, म्हणून विक्रेत्याने फक्त अख्खा रवा दाखवला असेल तर फोडून फोटो मागा.

चांगल्या गुळाची फुटलेली बाजू रवाळ दिसते. कणी बारीक आणि मॅट असते, वाळूच्या दगडासारखी. कधी तिच्यात हवेची छोटी छिद्रं दिसतात, कधी चिपाडाचा एखादा तंतू. तंतू एक-दोन असतील तर घाबरू नका. भरपूर असतील तर मळी नीट काढलेली नाही.

फुटलेल्या बाजूवर साखरेसारखे टोकदार, चमकणारे दाणे दिसले तर उसाच्या रसात साखर मिसळल्याचा संशय घ्यावा. साखर रंगही फिका करते. तिच्या नादात लोक हायड्रोस शोधत बसतात आणि खरी भेसळ वेगळीच असते. जवळून घेतलेल्या फोटोत हे दाणे प्रकाश पडेल तसे लुकलुकतात, म्हणून शक्य असेल तर विक्रेत्याला तुकडा हलवत पाच सेकंदांचा व्हिडिओ पाठवायला सांगा. पांढरे ठिपके विखुरलेले असतील तर खडूची भुकटी किंवा न विरघळलेला चुना असू शकतो. हे घरी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेऊन दहा ग्रॅम गूळ विरघळवा आणि अर्धा तास हलवू नका. साध्या गुळातही तळाला थोडा मातकट गाळ बसतो. पांढरा, पिठासारखा थर बसला तर तो गूळ बाजूला ठेवा.

कडकपणावरून मात्र रसायन ओळखायला जाऊ नका. ‘नैसर्गिक गूळ मऊ असतो, केमिकलचा कडक’ हे वाक्य खूप फिरतं, पण त्याला आधार नाही. गूळ कडक होणार की मऊ, हे पाक किती तापमानाला उतरवला आणि त्यात साखर किती फुटली, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडली, यावर ठरतं. काकवी साधारण १०५ अंश सेल्सिअसला उतरवतात, घट्ट ढेपेचा पाक ११८ अंशांच्या आसपास. ऊस शिळा असेल तर साखर जास्त फुटते आणि गूळ चिकट, ओलसर राहतो. चिक्कीचा गूळ मुद्दाम चिवट ठेवलेला असतो. मऊ गुळात पावडर असू शकते आणि कडक गुळात नसूही शकते.

लेबल: पुढची बाजू सोडा, मागची वाचा

पुढच्या बाजूला जे मोठं लिहिलेलं असतं ते विकण्यासाठी असतं. ‘देशी’, ‘शुद्ध’, ‘गावरान’, ‘प्रीमियम’, ‘पारंपरिक पद्धतीचा’ या शब्दांनी रसायनाबद्दल काहीही सांगितलेलं नसतं. ‘कोल्हापुरी’ हा शब्द भौगोलिक आहे. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते रसायनमुक्तीचं प्रमाणपत्र नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाला मात्र वजन आहे. २०१८ च्या जाहिरात आणि दावे नियमांप्रमाणे काहीही न मिसळलेल्या आणि खाण्याजोगं करण्यापुरतीच प्रक्रिया केलेल्या पदार्थालाच तो लावता येतो. म्हणून पुढे ‘नैसर्गिक’ आणि मागे दोन रसायनांची नावं असतील तर लेबल स्वतःशीच भांडतंय.

मागच्या बाजूला तीन जागा बघा. पहिली, घटक. साध्या गुळात फक्त उसाचा रस हवा, फार तर सोबत चुना. मिसळलेले पदार्थ तिथे INS आकड्यांनी लिहिलेले असतात; INS 220 ते INS 228 यांपैकी कुठलाही आकडा दिसला तर ती सल्फाइट मंडळी आहेत. INS 500 म्हणजे सोडा. तो मळी काढायला वापरतात, रंग उतरवायला नाही. मग INS 102 सारखा पिवळा रंग तर नाही ना, हेही बघा. दुसरी जागा म्हणजे ॲलर्जीची चौकट. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ते तिथे जाहीर करावं लागतं. Contains Sulphite ही दोन शब्दांची बारीक ओळ घटकांच्या यादीपेक्षा जास्त बोलते. तिसरी जागा म्हणजे चौदा आकडी परवाना क्रमांक. तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर टाकून बघा. परवाना चालू आहे का आणि तो गुळासाठीच आहे का, हे कळतं.

‘सेंद्रिय’ लिहिलं असेल तर ‘जैविक भारत’चं हिरवं चिन्ह शोधा. चिन्ह नसेल तर तो फक्त शब्द आहे. आणि एक अडचण लक्षात ठेवा: रस साफ करायला वापरलेली वस्तू घटकांत छापलेली असेलच असं नाही. कोरं लेबल म्हणजे कोरा गूळ नव्हे.

एक उदाहरण

समजा ऑनलाइन दुकानात एक किलोच्या पाकिटाचे चार फोटो आहेत. पुढे लिहिलंय ‘नैसर्गिक, केमिकल फ्री’. पहिल्या फोटोत गूळ मधासारखा तपकिरी आहे. मागे लाकडी फळी, वर पिवळा प्रकाश, पांढरं काहीच नाही. हा फोटो बाजूला ठेवा. दुसऱ्या फोटोत पाकीट पांढऱ्या पार्श्वभूमीवर आहे. लेबलची पांढरी पट्टी खरोखर पांढरी दिसते आणि पारदर्शक खिडकीतून गूळ लिंबू-पिवळा दिसतो. रंगासाठी हाच फोटो धरायचा. एकाच मालाचे दोन फोटो इतके वेगळे असतील तर पहिल्यावर रंग चढवला आहे. दुकानाला तपकिरी विकायचा आहे, हेही त्यातून कळतं.

तिसऱ्या फोटोत मागचं लेबल आहे. मोठं करून वाचलं तर घटक: ऊस रस, INS 500(ii). हा खाण्याचा सोडा. त्याखाली, बारकोडला चिकटून, एक ओळ: Contains Sulphite. घटकांत सल्फाइट नाही, चौकटीत आहे. म्हणजे ते रसात कधीतरी पडलं आणि गुळात इतकं उरलं की जाहीर करावं लागलं. ‘नैसर्गिक’ हा दावा इथेच संपला. चौथा फोटो एका ग्राहकाने टाकलेला, पाकीट उघडल्यानंतर दीड महिन्याने काढलेला: गूळ मळकट तपकिरी. त्या ग्राहकाने खाली आनंदाने लिहिलंय, ‘डार्क आहे, ओरिजिनल वाटतो.’

या गुळाबद्दल काय म्हणायचं? सल्फाइट आहे हे लेबलच सांगतं, त्यात तर्काचा भाग नाही. ते ७० पीपीएमच्या आत आहे की वर, हे फोटोवरून कळणार नाही. आत असेल तर सल्फाइटची मर्यादा मोडलेली नाही, पण गूळ ‘केमिकल फ्री’ नक्कीच नाही. दमेकऱ्याच्या घरात तो आणू नये. रंगाने इथे फक्त लेबलला दुजोरा दिला. एकट्या रंगावर हा निकाल देता आला नसता.

फोटो पुरत नाही तेव्हा

विक्रेत्याला ‘केमिकल आहे का?’ असं विचारून उपयोग नाही, उत्तर ठरलेलं असतं. विचारायचे प्रश्न असे: मळी कशाने काढता? काहील उतरवली ती तारीख कोणती? याच लॉटच्या गुळाचा महिन्यापूर्वीचा फोटो आहे का? भेंडी आणि चुना वापरणारा गुऱ्हाळवाला पहिल्या प्रश्नावर पाच मिनिटं बोलतो. ‘आम्ही काहीच टाकत नाही’ हे उत्तर दोन शब्दांत आलं तर पुढे विचारा, मग मळी वर कशी येते?

मोठा माल घ्यायचा असेल, लग्नकार्याला किंवा दिवाळीच्या फराळाच्या व्यवसायाला, तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत न फोडलेलं पाकीट देऊन सल्फर डायऑक्साइडची तपासणी करून घ्या. अहवालात आकडा मिलिग्रॅम प्रतिकिलो असा मागा, ‘पास’ एवढ्या शब्दावर थांबू नका. नमुना ताजा द्या. साठवणुकीत सल्फर डायऑक्साइड कमी होत जातो, त्यामुळे चार महिने पडलेल्या ढेपेचा कमी आलेला आकडा फक्त आज त्या गुळात किती उरलंय एवढंच सांगतो, काहिलीत काय पडलं होतं ते नाही.